दमट उन्हाळ्यासाठी रायडिंग जॅकेट: मेश, टेक्स्टाइल की लेदर? (रोजचं पनवेल–उरण)

पनवेलकर३५०

नमस्कार मंडळी. नोकरी जेएनपीटीच्या बाजूला, त्यामुळे रोज पनवेल ते उरण गाडीवर. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात. गाडी ३५० सीसी, वेग बहुतेक वेळ साठ-सत्तर, मोकळा रस्ता मिळाला तर ऐंशी. पण अर्धा वेळ कंटेनर ट्रेलरच्या रांगेत अडकण्यात जातो. शिवाय सणासुदीला गुहागर, घरी.

आजवर डेनिमचं जॅकेट घालत आलोय. आता नीट आर्मरवालं घ्यायचं आहे. समोर तीन गोष्टी आहेत:

मेश जॅकेट, साधारण नऊ हजार.
थ्री-लेयर टेक्स्टाइल, साडेतेरा हजार. आत काढता येणारं रेन लायनर आणि थंडीचं लायनर.
मावसभावाचं लेदर जॅकेट. तो कॅनडात होता, तिकडून आणलेलं. फुकट मिळतंय, मापालाही बसतं.

सुरक्षिततेत लेदर वरचढ असं सगळे सांगतात. पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे नुसत्या शर्टवर घामाच्या धारा लागतात, त्यात हे घालून मी जेएनपीटीला पोचेन की दवाखान्यात? रोज घालता येईल असं सांगा. वर्षातून चारदा घालायचं जॅकेट नको.

---

घाटवेडा

फुकट लेदर मिळतंय आणि विचारतोस काय भावा! उचल आणि घाल. मेश म्हणजे मच्छरदाणी, डांबराला लागली की गेली. मोटोजीपीवाले काय घालतात बघ, एक तरी माणूस मेशमध्ये दिसतो का? गरम होतं हे खरं, पण गाडी पळायला लागली की वारा लागतो.

आणि लेदर नसेलच घ्यायचं तर जे घेशील त्यावर सीई लिहिलेलं आहे ना तेवढं बघ. सीई असलं की टेन्शन नाही.

---

चंद्रपूरचा_पट्ट्या

माझा अनुभव सांगतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर. मेश घालून नागपूरला निघालो की भट्टीचं तोंड उघडल्यासारखी हवा अंगावर येते. तासाभरात ओठ फाटतात, डोकं दुखतं. आता मी टेक्स्टाइल घालतो, बहुतेक व्हेंट बंद, गळ्यापाशी आणि मनगटापाशी थोडं उघडं. आत टीशर्ट ओला करून पिळून घालायचा. दीड तास गारेगार. त्यामुळे मेशच्या नादी लागू नका, बंद जॅकेट आणि ओला टीशर्ट. सगळीकडे हेच चालतं.

---

मागवाली

पट्ट्या दादा, तुमचं चंद्रपूरसाठी अगदी बरोबर आहे. पनवेलसाठी मात्र उलटं आहे. (मी इचलकरंजीची, कापड तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, गाडीही चालवते. म्हणून जरा लांबण लावते, सांभाळून घ्या.)

अंग थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. घाम नुसता आल्याने काही होत नाही. तो किती वेगानं वाळणार हे दोन गोष्टींवर ठरतं: भोवतालची हवा किती कोरडी आहे आणि ती अंगावरून किती सरकते आहे. चंद्रपूरला ४५ अंश असतात, पण आर्द्रता पंधरा टक्क्यांच्या आसपास. पनवेलला ३४ अंश आणि आर्द्रता सत्तर टक्के धरू. आकडेमोड केली तर चंद्रपूरच्या हवेत घाम शोषून घ्यायची ओढ पनवेलच्या दुपटीहून जास्त निघते. म्हणून तिथे थोडासा वारा पुरतो, आणि जास्त वारा उलट त्रास देतो, कारण हवाच त्वचेपेक्षा दहा अंशांनी गरम आहे. ओला टीशर्ट तिथे चालतो तोही याच कारणानं.

पनवेलला हवा त्वचेपेक्षा गरम नाही, किंचित थंडच आहे. तेव्हा वाऱ्याला घाबरायचं कारण नाही. पण ती आधीच ओलीनं भरलेली, त्यामुळे घाम वाळवायला वारा भरपूर लागतो. ओला टीशर्ट बंद जॅकेटमध्ये घातलात तर तो ओलाच राहील आणि तुम्ही उकडून निघाल. किनारपट्टीवर जॅकेटचा एकच गुण आधी बघायचा, वारा छातीतून शिरून पाठीतून बाहेर पडतो का. नुसता पुढून शिरला आणि मागे वाट नसली तर काही उपयोग नाही. पुष्कळ जॅकेटांना छातीवर दोन झिप असतात आणि पाठीवर नावापुरती एक फट. दुकानात त्या फटीत बोट घालून बघा, आतलं अस्तर बंद कापडाचं असेल तर ती फट निव्वळ शोभेची.

घाटवेडा, मोटोजीपीचे सूट छातीवर बारीक भोकांचे असतात आणि ते लोक ताशी दोन-तीनशेनं जातात. उरण फाट्यावर ट्रेलरच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला तो वारा कुठून मिळणार?

---

पनवेलकर३५०

ताई, धन्यवाद, हे कुणी सांगितलं नव्हतं. मग लेदर बादच का? आणि थ्री-लेयरमधलं रेन लायनर काढून टाकलं तर ते मेशसारखंच होईल ना? पावसाळ्यात परत लावता येईल, म्हणजे एकात दोन कामं.

---

मागवाली

आधी लायनरचं. काढून टाकलंत तर उन्हाळ्यात फरक पडेल, पण बाहेरचं कॉर्ड्युरा घट्ट विणीचं असतं, त्यातून वारा फक्त झिपच्या फटींतून येणार. मेशमध्ये छाती, पाठ आणि बाहीचा आतला भाग जाळीचा असतो. चालत्या गाडीवर हा फरक मोठा आहे. उभ्या गाडीवर मात्र दोन्ही जवळपास सारखीच उकडतात हेही ध्यानात घ्या. रांगेत पाच मिनिटं थांबायचं असेल तर पुढची झिप सरळ खाली करा, निघताना वर.

पावसाळ्यात लायनर परत लावायचा बेत मला पटत नाही. आतल्या लायनरमध्ये बाहेरचं कापड भिजतं, पाण्यानं जड होतं आणि आत घामाची वाफ अडकते. ही पडदेवाली कापडं श्वास घेतात म्हणतात, पण त्यासाठी आतली हवा ओली आणि बाहेरची कोरडी असावी लागते. जुलैत कोकणात बाहेर आर्द्रता नव्वदीच्या घरात, वाफ जाणार कुठे? बाहेरून घालायचा रेनकोट त्यापेक्षा बरा. पाऊस थांबला की काढून डिकीत टाकता येतो आणि आतलं जॅकेट कोरडं राहतं.

आता घाटवेडांच्या सीईचं. इथे बरेच जण फसतात. जॅकेटवर "सीई आर्मर" लिहिलं असेल तर त्याचा अर्थ आतले खांद्याचे आणि कोपराचे पॅड तपासलेले आहेत, एवढाच. कापड आणि शिलाईबद्दल त्यातून काहीच कळत नाही. पूर्ण जॅकेट तपासलेलं असेल तर आतल्या शिवलेल्या पट्टीवर मोटरसायकलस्वाराचं चिन्ह, ईएन १७०९२ हा क्रमांक आणि एक वर्ग लिहिलेला असतो. ट्रिपल ए सर्वात वरचा, मग डबल ए, मग सिंगल ए. बी म्हणजे कापड घासायला टिकतं पण आर्मर नाही, सी म्हणजे नुसतं आर्मर धरून ठेवणारं, घासण्यापासून संरक्षण नाही. दुकानात टांगलेला पुठ्ठ्याचा टॅग नका बघू, तो कुणीही छापतो. शिवलेली पट्टी बघा.

आपल्याकडे हेल्मेटला आयएसआय सक्तीचं आहे, जॅकेटला तसं काही नाही. त्यामुळे हे वाचणं आपलं आपल्यालाच करावं लागतं.

---

घाटवेडा

ठीक आहे, मीही जरा शोधलं. मेश जॅकेट बहुतेक सिंगल ए मध्येच बसतात. आणि सिंगल ए ची घासण्याची चाचणी ४५ च्या वेगाची आहे! डबल ए ७० ची, ट्रिपल ए १२० ची. हा माणूस सत्तर-ऐंशीनं चालवतो. म्हणजे मेश त्याच्यासाठी कुचकामी, सिद्ध झालं की नाही?

---

मागवाली

आकडे बरोबर आणलेत. अर्थ थोडा वेगळा आहे.

ती चाचणी अशी होते: कापडाचे तुकडे एका फिरत्या हाताला बांधतात, ठरलेल्या वेगापर्यंत गरगर फिरवतात आणि मग खरखरीत काँक्रीटवर सोडतात. तुकडा घासत घासत थांबेपर्यंत त्याला ठरलेल्या मापापेक्षा मोठं भोक पडता कामा नये. तुम्ही सांगितलेले वेग खांदा आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूचे, जिथे माणूस आधी आपटतो. त्याच जॅकेटच्या बाकी भागांना कमी वेगाची चाचणी असते. सिंगल ए मध्ये सगळ्यात कमी धोक्याच्या भागांना, म्हणजे बाहीची आतली बाजू वगैरे, घासण्याची चाचणीच नाही. जाळी चालते ती तिथे.

सत्तरनं जाणारा माणूस पडतो तेव्हा तो एकाच जागेवर सत्तरपासून शून्यापर्यंत घासत जात नाही. आधी ब्रेक लागलेला असतो, तो लोळतो, अंगाचे वेगवेगळे भाग टेकतात. म्हणून ४५ म्हणजे "४५ च्या वर निकामी" असं नाही. पण डबल ए मध्ये हाताशी जास्त वेळ असतो यात वादच नाही. जाळी घासून उष्णतेनं वितळते हेही खरं, पॉलिस्टरची पातळ जाळी तर फारच लवकर. म्हणून मेश घेताना जाळी कुठे आहे ते बघायचं. खांदा, कोपर आणि पुढच्या हाताची बाहेरची बाजू अख्ख्या जाड कापडाची हवी, जाळी फक्त छाती, पाठ आणि बाहीच्या आत. बाजारात अशीही मेश आहेत ज्यात खांद्यावरसुद्धा जाळीच. ती मी घेणार नाही.

ऑस्ट्रेलियात मोटोकॅप म्हणून उपक्रम आहे, २०१८ पासून. ते दुकानातून जॅकेट विकत घेतात, फाडून तपासतात आणि दोन वेगळे गुण देतात, एक संरक्षणाचा आणि एक उकाड्यात घाम बाहेर सोडण्याचा. दोन्हीत वरचे गुण मिळवणारी जॅकेट फार थोडी. मेश दुसऱ्यात चढतात आणि पहिल्यात घसरतात. पाणी अडवणारं अस्तर असलेली दुसऱ्यात तळाला. आपल्या ब्रँडांचे गुण तिथे मिळतीलच असं नाही, पण कुठल्या प्रकारचं कापड कसं वागतं हे कळायला चाळून बघा, सगळं फुकट आहे.

---

हाडांचा_डॉक्टर_रत्नागिरी

चर्चा छान चालली आहे, मी फक्त टेबलावर जे येतं ते सांगतो.

दुचाकीवरून पडलेल्यांत कातडी सोलवटून येणारे खूप, आणि त्यात हाताचे तळवे, कोपर, गुडघे. जॅकेटमुळे कोपर-खांद्याचं सोलवटणं वाचतं, ते मी स्वतः बघितलेलं आहे. मळलेल्या जखमेतून डांबर आणि खडी घासून काढावी लागते, ते दुखणं आठवडेच्या आठवडे पुरतं. त्यामुळे जॅकेट घालाच. पण खांद्यात आर्मर आहे म्हणून गळपट्टीचं हाड वाचेल अशा भ्रमात राहू नका. पसरलेल्या हातावर किंवा खांद्यावर पडलं की धक्का हाडातून वर जातो आणि ते हाड मधोमध मोडतं. मनगटाचंही तसंच. साडेतेरा हजार जॅकेटवर घालून हातमोजे नसलेले लोक येतात, तेव्हा मला कळत नाही काय बोलावं. बजेटमधून हातमोजे आधी बाजूला काढा.

दुसरं, उन्हाळ्यात गरगरून पडणारेही येतात. जॅकेट कुठलंही असो, निघण्याआधी पाणी पिऊन निघा आणि गुहागरसारख्या लांबच्या फेरीत ओआरएस जवळ ठेवा. नुसतं पाणी पीत राहून चालत नाही, मीठ जातं घामातून. घाम यायचा थांबला आणि डोकं जड झालं तर पुढच्या टपरीपर्यंत रेटू नका, सावलीत उतरा.

---

मडगांवची_मीरा

मी स्कूटर चालवते, मडगांव ते पणजी. जॅकेट गोव्यात मेपर्यंत कसंबसं सहन होतं, पुढे नाही. म्हणून मी आर्मर शर्ट घेतला आहे. अंगाबरोबर घट्ट बसणारी जाळीची बनियन म्हणा, त्यात खांदा, कोपर, पाठीचे पॅड. त्याच्यावर सुती कुर्ता. वारा मस्त लागतो. पनवेलकर, तुम्हीही हाच घ्या ना, जॅकेटच्या भानगडीत कशाला पडता?

आणि मागवाली ताई, बायकांच्या मापाचं काय ते पण सांगा. पुरुषांचं एस घेतलं की खांदे ढगळ आणि खाली कंबर अडकते. कोपराचा पॅड माझ्या दंडावर येऊन बसतो!

---

मागवाली

मीरा, आर्मर शर्ट म्हणजे वर सांगितलेला सी वर्ग. आपटलं तर वाचवेल, घासलं तर तुमचा कुर्ता किती टिकेल ते तुम्हीच सांगा. पॅड जिथे आहेत तिथे ठीक, मधल्या जागा उघड्या. त्याच्यावर घासायला टिकणारं सैल ओव्हरशर्ट घातलंत, त्यासाठी केव्हलार मिसळलेले शर्ट मिळतात, तर जोडी जमते. शहरातल्या संथ स्कूटरला मला तेही चालेल. पणजीपर्यंत महामार्गावर मात्र कुर्ता नको.

मापाचं खरं आहे, आणि ते फक्त बायकांचं नाही. पॅड जागेवर नसेल तर लेव्हल दोन काय आणि दहा काय. गाडीवर बसून, हात हँडलवर ठेवून, दुसऱ्या कुणाला तरी कोपराची बाही पकडून पिळायला सांगायचं. पॅड फिरून आतल्या बाजूला गेला तर ते जॅकेट परत टांगायचं. दंडावर आणि मनगटाच्या वर आवळायचे पट्टे असतील तर बऱ्याचदा निभावतं. बायकांचं वेगळं माप काढणाऱ्या भारतीय कंपन्या आता आहेत, पण सगळी मापं दुकानात ठेवत नाहीत, तिथे मागवून बघणं हाच मार्ग.

पनवेलकर, तुम्ही दुकानात जाणार असाल तर पट्ट्यांवर काय लिहिलंय ते इथे टाका.

---

पनवेलकर३५०

जाऊन आलो, दोन्ही जॅकेट घालून पार्किंगमध्ये माझ्याच गाडीवर बसून बघितली. दुकानदार वैतागला, पण दिली. नोंदी:

मेश: आत शिवलेली पट्टी आहे, ईएन १७०९२-४, वर्ग सिंगल ए. खांदा आणि कोपराच्या बाहेरून जाड कापड, जाळी छाती-पाठीवर. दोन्ही ठिकाणचे पॅड बाहेर काढून बघितले, ईएन १६२१-१, लेव्हल २, कोपराच्या पॅडवर "टी+" असंही लिहिलंय. पाठीत मात्र साधा फोमचा तुकडा, त्यावर काहीच नाही. बाही पिळली तर पॅड थोडा सरकला, पट्टा आवळल्यावर थांबला. पाठीकडून आरपार उजेड दिसतो.

टेक्स्टाइल: ईएन १७०९२-३, डबल ए. पॅड लेव्हल १, "टी+" नाही. पाठीत तसाच फोम. कॉलर जाड, मानेला टोचतं. लायनर काढून घातलं तरी पाच मिनिटांत पाठ ओली. मागच्या बाजूला दोन झिप आहेत, आत बोट घातलं तर अस्तर बंद. ताई म्हणाल्या तसंच.

लेदर: मावसभावाच्या घरी नीट पाहिलं. पॅड ठेवायला खिसेच नाहीत! कातडं पातळ आहे, हातात घेतलं तर मऊ रुमालासारखं. पट्टी नुसती कपडे धुण्याच्या सूचनांची.

"टी+" म्हणजे काय? आणि फोमचं काय करू?

---

मागवाली

लेदर तर सुटलं. ते फॅशन जॅकेट आहे. रायडिंगच्या कातड्याची जाडी मिलिमीटरच्या वर असते, १.१ ते १.३ च्या दरम्यान, आणि बोटांत दुमडताना जाणवते. पातळ मेंढीचं कातडं पहिल्या घासाला शिवणीत उसवतं. लग्नाला घाला.

टी+ म्हणजे तो पॅड ४० अंशांना तापवूनही तपासला आहे आणि मर्यादेत राहिला आहे. हे आपल्यासाठी महत्त्वाचं, कारण हल्लीचे मऊ पॅड हात लावला तर पिठासारखे असतात आणि आपटल्यावर कडक होतात. उन्हात उभ्या गाडीवर टाकलेल्या जॅकेटमध्ये ते तापून जास्त मऊ पडतात आणि धक्का जास्त आत जाऊ देतात. थंडीसाठी टी- असतो, त्याचं आपल्याला काही नाही.

लेव्हलचा फरक साधा आहे. पॅडवर तोच ठोका मारतात आणि पलीकडे किती जोर पोचला ते मोजतात. हातापायांच्या पॅडला लेव्हल १ मध्ये सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतं, लेव्हल २ मध्ये २० पर्यंतच. म्हणजे तुमच्या मेशचे पॅड टेक्स्टाइलच्यापेक्षा बरेच बरे आहेत. जॅकेटच्या वर्गात टेक्स्टाइल पुढे, आर्मरमध्ये मेश पुढे, असं त्रांगडं इथे आहे.

पाठीचा फोम काढून फेका, तो फक्त जागा भरायला असतो. त्या खिशाचं माप कागदावर आखून घ्या आणि पाठीचा वेगळा पॅड घ्या, ईएन १६२१-२ लिहिलेला, लेव्हल १ तरी. उकाड्यासाठी भोकांचा घ्या. अखंड रबरी तुकडा घातलात तर पाठीकडून दिसणारा तो उजेड बंद होईल आणि मेश घेण्याला अर्थ उरणार नाही. पाठीला वारा थोडा कमी होणारच, पण तेवढं सोसावं.

---

चंद्रपूरचा_पट्ट्या

रंग कुठला आहे? काळा घेऊ नका राव. सिग्नलला उभं राहिलं की काळ्याचे चटके बसतात. राखाडी घ्या.

---

घाटवेडा

माझं मत अजून तेच आहे. गुहागरच्या फेरीला डबल ए हवंच, महामार्गावर रात्री ट्रेलर कसे येतात ते माहीत आहे. नऊ हजाराचं मेश आणि पुढच्या वर्षी सेकंडहँड जाड लेदर, दोन्ही ठेवा.

---

पाताळगंगा_१२५

सेकंडहँड लेदर कोकणात ठेवणार असाल तर एक ऐका. माझ्याकडे जाड, भोकांचं लेदर आहे, चांगलं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटे मस्त. पण घाम कातड्यात मुरतो, वाळला की खारानं कडक होतं. जूनमध्ये कपाटात टाकलं की काखेत आणि कॉलरखाली हिरवी-पांढरी बुरशी. ओल्या फडक्यानं पुसा, सावलीत वाळवा, कंडिशनर चोळा, हे पावसाळाभर आलटून पालटून चालू राहतं. प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात ठेवू नका, त्यात दुप्पट येते. आणि शिवण ओढून बघा, जुन्या जॅकेटात कातडं ठणठणीत असतं आणि दोरा कुजलेला असतो.

---

मागवाली

पाताळगंगांचं सगळं खरं. फक्त घाटवेडांचा मुद्दाही अगदी टाकाऊ नाही. एकाच जॅकेटमध्ये रोजचा उकाडा आणि रात्रीचा महामार्ग, दोन्ही पूर्ण बसत नाहीत. डबल ए मिळालेली मेशसुद्धा निघाली आहेत, जाळीचा दोरा जाड आणि ताकदीचा वापरून, पण ती जड होतात आणि किंमत तुमच्या बजेटच्या बरीच वर. ऑस्ट्रेलियातल्या २०११ च्या एका अभ्यासात अपघातात घातलेल्या जॅकेटांपैकी साधारण तीस टक्के फाटली किंवा निकामी झाली होती, तरीही ती घातलेल्यांना इजा कमी होत्या, आणि आर्मर असलेल्यांना आणखी कमी. त्यावरून मी तरी सिंगल ए मेश रोज अंगावर असणं जास्त मोलाचं धरेन. डबल ए तीन दिवस घालून चौथ्या दिवशी खुंटीला लागणार असेल तर काय कामाचं? घाटवेडांना हे पटणार नाही, माहीत आहे.

---

घाटवेडा

नाही पटत. मी उन्हाळ्यात पण लेदर घालतो, महाबळेश्वर-पोलादपूर.

---

पाताळगंगा_१२५

अहो तो घाट आहे, तिकडे हवाच वेगळी! पनवेलला येऊन दाखवा दुपारी दोनला.

---

पनवेलकर३५०

मेश घेतलं. राखाडी मिळालं नाही, निळसर आहे. पाठीचा पॅड वेगळा मागवला, भोकांचा, लेव्हल १, खिशात जरा सैल बसतो म्हणून वर-खाली वेल्क्रो लावला. हातमोजे उरलेल्या पैशांत.

पहिल्या आठवड्याचा अनुभव: चालू गाडीवर डेनिमपेक्षा हलकं वाटतं, हे अपेक्षित नव्हतं. रांगेत उभं राहिलं की घाम तोच. सुती बनियन बदलून खेळाडू घालतात तसला पातळ पॉलिस्टरचा घट्ट टीशर्ट घातला, त्यामुळे जाळी अंगाला चिकटत नाही आणि काढताना कोपराचा पॅड बाहीत अडकत नाही. ऑफिसला पोचल्यावर पाच मिनिटं पंख्याखाली टांगलं की वास येत नाही.

धुवायचं कसं? पॅड काढून मशीनमध्ये टाकलं तर चालेल का, की हातानंच?

---

मागवाली

सगळे पॅड काढा, झिप आणि वेल्क्रो बंद करा, नाहीतर वेल्क्रो जाळी ओरबाडतं. साधा सौम्य साबण, थंड पाणी, हातानं. मशीनमध्ये टाकायचंच तर जाळीच्या पिशवीत, हलक्या चक्रावर, पिळणी बंद. फॅब्रिक कंडिशनर नको. वाळवायचं सावलीत, उन्हानं दोरा आणि कापड दोन्ही कमजोर होतात. पॅड ओल्या फडक्यानं पुसा, परत घालताना डावा-उजवा आणि वरची बाजू बघून घाला. धुतल्यावर कोपराचा पॅड उलटा घालून महिनाभर फिरणारे लोक मी बघितलेत.

---

मडगांवची_मीरा

पनवेलकर, मागे बसणाऱ्यांचं काय केलं? गुहागरला वहिनीपण येतात ना?

---

पनवेलकर३५०

तिला दोन्ही दाखवली. तिचं म्हणणं, गणपतीला एसटीनं जाऊ. बायकांच्या मापाचं मेश कुणी पनवेल-वाशीत पाहिलं असेल तर कळवा, ऑनलाइन घेऊन परत पाठवायचा कंटाळा आहे.